हायब्रीड पाकिटात भेसळ बियाणे निघाले तर: गोव्यातल्या शेतकऱ्यासाठी दाव्याची वाट

सदोष बियाण्याचे दावे बहुतेक वेळा शेतातच हरले जातात, ग्राहक आयोगापुढे ते फक्त उघडकीला येतात. पीक फसले म्हणून शेतकरी रागाने वेल उपटतो, नांगर घालतो, पाकिटे शेकोटीत जातात आणि महिन्याभराने वकिलाकडे पोचतो तेव्हा सांगायला गोष्ट असते, दाखवायला काही नसते. म्हणून या लेखात जास्त जागा पहिल्या दोन-तीन आठवड्यांना दिली आहे. कायद्याचा भाग त्यामानाने सोपा आहे.

समजायला सोपे जावे म्हणून एक नमुन्याचे प्रकरण धरून चालू. पेडणे तालुक्यात भात कापल्यावर एका शेतकऱ्याने ४,००० चौरस मीटरमध्ये कलिंगड लावले. दोन मीटरवर ओळी, अर्ध्या मीटरवर रोप, म्हणजे साधारण ४,००० वेल. एका नामांकित वाणाची ५० ग्रॅमची पाच पाकिटे प्रत्येकी १,२०० रुपयांना घेतली, एकूण ६,००० रुपये. १२ डिसेंबरला टोकण झाली. उगवण चांगली, वेल दणकट. फेब्रुवारीच्या सुरुवातीला फळे भरू लागली तेव्हा एकाच ओळीत एका वेलावर गोल, दुसऱ्यावर लांबट, तिसऱ्यावर फिकट सालीची फळे दिसली. पाकिटावरचे चित्र होते गडद हिरव्या, लांबगोल फळाचे. (यातले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत.)

आधी ठरवा: दोष बियाण्याचाच आहे का

हायब्रीड बियाणे दोन शुद्ध वाणांच्या संकरातून दर वेळी नव्याने तयार करावे लागते. त्या पहिल्या पिढीची सगळी झाडे एकसारखी असतात, पैसे त्या एकसारखेपणाचे असतात. पण कोणी हायब्रीड फळांतूनच बी काढून ते पाकिटात भरले, तर ती दुसरी पिढी होते आणि तिच्यात आजी-आजोबांचे गुण विखरून बाहेर पडतात. बी उत्तम उगवते, म्हणून दोन महिने कोणालाच शंका येत नाही. शेतात फळांची सरमिसळ दिसते ती यामुळे, किंवा बीजोत्पादनात दुसऱ्या वाणाची भेसळ झाल्यामुळे.

ओळखायची खूण अशी. बियाण्याचा दोष झाडागणिक विखुरलेला असतो: चांगल्या वेलाला लागून वाईट वेल, सगळ्या वाफ्यांत सारखाच प्रकार. पाणी, खत, मर रोग किंवा खारट जमीन यांचा परिणाम पट्ट्यापट्ट्याने दिसतो. खालच्या कोपऱ्यात पाणी साचले तर तिथलेच वेल बसतात. दुसरी खूण म्हणजे एका वेलावरची सगळी फळे आपसात सारखी असतात, फरक वेलावेलांत असतो.

कंपनीकडून एक बचाव नेहमी येतो, तो आत्ताच निकालात काढून ठेवा. शेजारच्या शेतातला पराग मधमाश्यांनी आणला म्हणून तुमची फळे बदलली, असे सांगितले जाते. परक्या परागाचा परिणाम फळाच्या आतल्या बियांवर होतो. साल ही आईच्या, म्हणजे त्याच वेलाच्या ऊतींची असते, त्यामुळे सालीचा रंग, पट्टे आणि फळाचा मूळ आकार यंदाच्या परागाने बदलत नाही. परागीभवन अपुरे झाले तर फळ एका टोकाला चिमटल्यासारखे वाकडे होते, पण त्याचा रंग आणि पट्टे बरोबर असतात. अशी फळे तुमच्याकडेही असतील. ती वेगळी मोजा, बियाण्याच्या दोषात धरू नका. प्रामाणिक मोजणी पुढे फार उपयोगी पडते.

मोजणी अशी करा: शेताचे चार कोपरे आणि मध्य, अशा पाच ठिकाणी सलग २० वेल पाहा, म्हणजे शंभर झाले. वहीत प्रत्येक वेलापुढे 'चित्राप्रमाणे' किंवा 'वेगळे' असे लिहा. वेगळ्या वेलाला रंगीत फीत बांधा. आपल्या नमुन्यात शंभरात ५८ वेल वेगळे निघाले. फोटो काढताना एका चौकटीत दोन शेजारचे वेल आणि पाकीट येईल असे बघा. नुसत्या फळाच्या फोटोवरून ते कोणत्या शेतातले आहे हे कळत नाही.

त्याच दिवशी जपून ठेवायच्या वस्तू

रिकामी पाकिटे आणि त्यांवरची लेबले, बिल, उरलेले बी आणि दुकानदाराशी झालेले व्हॉट्सअ‍ॅपचे बोलणे. पाकिटावर लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, उगवण आणि शुद्धतेची टक्केवारी छापलेली असते. बिलावर तोच लॉट क्रमांक आहे का ते पाहा. बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणे विक्रेत्याने बिल द्यायलाच हवे. आपल्याकडे ओळखीच्या दुकानात वहीत नोंद करून बी नेण्याची पद्धत आहे. बिल नसेल तर आजच जाऊन मागा. नाकारले तर 'अमुक तारखेला बी घेतले, बिल मिळाले नाही' असे पत्र पाठवा. यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेची नोंद काढून ठेवा.

उरलेले बी पाकिटासकट हवाबंद डब्यात ठेवा. ते उघडून वाटून देऊ नका, घरी उगवण तपासण्यातही संपवू नका.

आणि शेत उभे ठेवा. उभ्या पिकासारखा दुसरा पुरावा नाही. वाणाची शुद्धता तपासायची नेहमीची पद्धत म्हणजे बी लावून झाडे वाढवून पाहणे. तुमच्या शेतात ती चाचणी ४,००० वेलांवर झालेलीच आहे.

विभागीय कृषी कार्यालयात लेखी तक्रार

गोव्यात पहिले दार विभागीय कृषी कार्यालयाचे, ज्याला सगळे झोनल ऑफिस म्हणतात. आपल्या प्रकरणात पेडण्याचे. तोंडी सांगून किंवा फोन करून थांबू नका. दोन प्रती न्या, एकीवर पोच-शिक्का घ्या. एक प्रत टोंक-करंझाळे येथील कृषी संचालनालयाला पाठवा. अर्जासोबत कृषी कार्डाची प्रत आणि एक-चौदाचा उतारा जोडा. उताऱ्यावर तुमचे नाव नसेल, जमीन कोमुनिदादची, भाटकाराची किंवा तोंडी कराराने कसायला घेतलेली असेल, तर मालकाचे किंवा शेजाऱ्यांचे लेखी निवेदन घ्या की यंदा हे पीक तुम्हीच केले. पुढे हा प्रश्न नक्की विचारला जातो.

बियाणे नियम, १९६८ मधला २३-अ हा नियम यासाठीच आहे. बियाण्याच्या दोषामुळे पीक गेले अशी लेखी तक्रार आली की बियाणे निरीक्षकाने लेबल, पाकिटे आणि शक्य तितके उरलेले बी ताब्यात घ्यायचे, त्या लॉटचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि कारणांचा शोध घेऊन अहवाल द्यायचा, असे तो सांगतो. मात्र हा नियम अधिसूचित, म्हणजे सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या बियाण्यापुरता आहे आणि खासगी कंपन्यांचे पुष्कळ हायब्रीड वाण अधिसूचित नसतात. म्हणून अर्जात १९८३ च्या नियंत्रण आदेशाचाही उल्लेख करा, त्याखालीही निरीक्षकाला नमुने घेता येतात. पाकिटे देताना त्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि काय दिले याची सहीची यादी घ्या.

अर्जात तीन मागण्या स्पष्ट लिहा. पहिली, पीक उभे असताना पाहणी व्हावी. काढणीची अंदाजे तारीखही लिहा. दुसरी, पाहणीला कृषी विज्ञान केंद्राचा किंवा जुने गोवे, एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेचा शास्त्रज्ञ असावा. तिसरी, विक्रेता आणि कंपनी या दोघांना पाहणीची तारीख कळवावी. या तिसऱ्या मागणीकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग 'आमच्या पाठीमागे केलेला पंचनामा' म्हणून चांगला अहवाल कापला जातो. तुम्हीही त्यांना स्वतंत्रपणे तारीख कळवा. आले नाहीत तर तो त्यांचा प्रश्न.

पाहणीच्या दिवशी अहवालात काय लिहिले जाते तिकडे लक्ष द्या. 'पिकाचे ६० टक्के नुकसान आढळले' एवढेच लिहिले तर त्याचा उपयोग थोडा, कारण नुकसान झाले हे कोणी नाकारत नाही. कशामुळे झाले ते अहवालात हवे. किती वेल मोजले, किती वेगळे निघाले, फरक शेतभर विखुरलेला होता का, पाणी-खत-रोग यांचा दोष दिसला का, शेजारी याच वाणाचे दुसऱ्या लॉटचे पीक कसे होते, हे मुद्दे नम्रपणे पुढे ठेवा. अधिकाऱ्यांना कलिंगडाची पाहणी रोज करावी लागत नाही. तुमची वही आणि फिती त्यांना मदतच करतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ मधल्या हरियाणा सीड्स डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन विरुद्ध साधू या प्रकरणात निकाल शेतकऱ्यांच्या विरोधात गेला, कारण तज्ज्ञांच्या अहवालातून बियाण्याचा दोष सिद्ध होत नव्हता. पीक कमी आले एवढ्यावरून बी वाईट असे ठरत नाही.

प्रयोगशाळेच्या अहवालातही एक खाच आहे. नेहमीची चाचणी उगवण आणि भौतिक शुद्धता पाहते. कलिंगडाला किमान उगवण ६० टक्के लागते. आपल्या प्रकरणातले बी ८५ टक्के उगवले असते आणि अहवाल 'प्रमाणित' असा आला असता. कंपनी तो कागद फडकावते. पण तुमची तक्रार उगवणीबद्दल नाहीच. म्हणून आनुवंशिक शुद्धतेची चाचणी हवी, असे अर्जात शब्दशः लिहा.

सगळे बी पेरून संपले असेल तरी दावा मरत नाही. जानेवारी २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चाचणीसाठी बी बाजूला काढून ठेवावे अशी अपेक्षा शेतकऱ्याकडून करता येत नाही. शिवाय नियमांप्रमाणे विक्रेत्याने प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षे ठेवायची असते आणि लॉट विकून संपल्यावरही नमुना वर्षभर राखायचा असतो. तो नमुना तपासायला मागा.

आणखी एक सावधगिरी. पीक गेले की कोणी तरी सुचवतो, शेतकरी आधार निधीचा अर्ज टाका. ती योजना नैसर्गिक आपत्तीसाठी आहे. तिकडे 'अवकाळी पावसाने नुकसान' आणि इकडे 'सदोष बियाण्याने नुकसान' असे एकाच पिकाबद्दल लिहिले, तर कंपनीचा वकील पहिला कागद घेऊनच उभा राहील. खरे कारण एकच असेल तर सगळीकडे तेच लिहा.

नुसत्या खात्याच्या कारवाईवर थांबू नका

कृषी खाते परवान्यावर कारवाई करू शकते, खटला भरू शकते, पण तुमचे पैसे परत मिळवून देणे हे त्याचे काम नाही. १९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे आणि तोही सरकारजमा होतो. शेतकऱ्याला भरपाई मिळते ती ग्राहक आयोगातून. शेतकरी पीक विकतो म्हणून तो ग्राहक नाही, हा युक्तिवाद वर सांगितलेल्या २०१२ च्या निकालाने फेटाळला आहे. बियाणे कायदा वेगळा आहे किंवा करारात लवादाची अट आहे म्हणून ग्राहक आयोगात जाता येत नाही, हेही त्यात अमान्य झाले.

आयोगात जाण्याआधी विक्रेता आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. तीत लॉट क्रमांक, मोजणी, अहवाल, रकमेचा हिशेब आणि १५ दिवसांची मुदत लिहा. पोच झाल्याची नोंद छापून ठेवा. या टप्प्यावर दुकानदार बहुधा नवी पाकिटे किंवा बियाण्याचे ६,००० रुपये देऊ करतो. 'तक्रार मिटली' अशा कागदावर सही करून ते घेऊ नका.

दावा दोघांवर का

विक्रेता म्हणतो, मी सीलबंद पाकीट विकले, आत काय ते कंपनी जाणे. कंपनी म्हणते, हा लॉट आमचा नाहीच, पाकीट बनावट आहे. तुम्ही एकालाच पक्ष केले असेल तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटतो. दोघे समोर असले की त्यांना एकमेकांना उत्तर द्यावे लागते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष उत्पादनाबद्दल निर्माता जबाबदार आहेच. विक्रेताही काही परिस्थितीत निर्मात्याच्या जागी जबाबदार धरला जातो: निर्माता कोण हे कळत नसेल, त्याच्यापर्यंत नोटीस पोचू शकत नसेल, विक्रेत्याने स्वतःच्या जोरावर हमी दिली असेल किंवा माल तपासण्यात, सांभाळण्यात हयगय केली असेल. म्हणजे पाकीट खरोखर बनावट निघाले तर विक्रेता मोकळा होत नाही, उलट जास्त अडकतो. तेव्हा आयोगापुढे लगेच अर्ज द्या की त्या लॉटचे खरेदी-बिल विक्रेत्याने हजर करावे. अधिकृत वितरकाचे बिल निघाले तर कंपनीला लॉट नाकारणे अवघड. बिल निघालेच नाही, तर माल कुठून आला हे सांगणे विक्रेत्याच्या गळ्यात.

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात 'जबाबदारी बियाण्याच्या किमतीपुरती' असे छापलेले असते. त्याने घाबरू नका. ते एकतर्फी छापलेले वाक्य आहे, तुम्ही त्याला संमती दिलेली नाही, असे तक्रारीतच मांडा.

रक्कम कशी काढायची

इथे बहुतेक जण एकच नुकसान दोनदा मागतात: बियाणे, खत, मजुरी, मल्चिंगचा खर्चही आणि पूर्ण पिकाची किंमतही. पूर्ण पीक आले असते तरी खर्च झालाच असता. म्हणून एकच रीत धरा.

शेजाऱ्याच्या तेवढ्याच क्षेत्रात त्याच वाणाचे दुसऱ्या लॉटचे १०,००० किलो पीक आले आणि भाव किलोला १२ रुपये मिळाला, तर अपेक्षित उत्पन्न १,२०,००० रुपये. आपल्या शेतकऱ्याचा मिसळलेला माल व्यापाऱ्याने नाकारला. ३,५०० किलो रस्त्याकडेला सहा रुपयांनी गेला, २१,००० रुपये आले. उरलेल्या ६,५०० किलोची तोडणी-वाहतूक वाचली, ती किलोला एक रुपया धरून ६,५०० वजा. मागणी राहते ९२,५०० रुपये. बियाण्याची किंमत यातच आली. त्यावर व्याज, मानसिक त्रासाबद्दल २५,००० आणि खर्चाबद्दल १०,००० वेगळे मागा. वाचलेला खर्च स्वतःहून वजा केलेला हिशेब आयोगाला विश्वासाचा वाटतो.

भावाचा पुरावा म्हणून व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या, म्हापसा बाजारातली त्या आठवड्याची विक्री-पावती आणि शेजाऱ्याचे प्रतिज्ञापत्र घ्या. मागच्या वर्षीच्या तुमच्याच विक्रीच्या नोंदी असतील तर त्याहून चांगले.

आयोगात

तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात दावा लावता येतो, कंपनीचे कार्यालय हैदराबादला किंवा जालन्याला असले तरी. पेडण्याच्या शेतकऱ्यासाठी ते पर्वरीचे उत्तर गोवा जिल्हा आयोग. दक्षिणेचा आयोग मडगावला आहे. ऑनलाइन दाखल करायचे तर e-jagriti.gov.in वर खाते उघडा. शुल्क मागितलेल्या भरपाईवर नाही, दिलेल्या किमतीवर ठरते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, म्हणजे ६,००० रुपयांच्या बियाण्याला शून्य. दोष कळल्यापासून दोन वर्षांच्या आत यावे लागते.

तक्रार तारखेच्या क्रमाने लिहा आणि 'ही शेती मी उपजीविकेसाठी स्वतः करतो' हे वाक्य आवर्जून घाला. सोबत प्रतिज्ञापत्र लागते. वकील सक्तीचा नाही. मात्र कामकाज बहुधा इंग्रजीत चालते, त्यामुळे मराठी पंचनाम्याचे भाषांतर जोडा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. महिला शेतकऱ्यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

तक्रार दाखल करून घेतल्यावर समोरच्यांना उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. कायद्यात निकालासाठी तीन महिने, प्रयोगशाळा चाचणी लागली तर पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ लागतो, तेव्हा पुढच्या हंगामाचे भांडवल या पैशावर धरू नका. प्रत्येक तारखेला हजर राहा, गैरहजेरीत तक्रार निकाली निघू शकते.

निकाल तुमच्या बाजूने लागला तरी कंपनी ४५ दिवसांत पणजीला राज्य आयोगाकडे अपील करू शकते, पण त्यासाठी आदेशातल्या रकमेचा निम्मा भाग आधी जमा करावा लागतो. अपील झाले नाही आणि पैसेही आले नाहीत, तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज द्या. आदेश न पाळणाऱ्याला किमान एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्या अर्जासाठी आदेशाची प्रमाणित प्रत लागते, ती निकाल लागताच मागून घ्या.